फंडाची सर्वात मोठी घसरण आपल्याला सोसवेल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्हापशात शुक्रवारच्या बाजाराला आलेली माणसे खरेदी आटोपली की माझ्याकडे डोकावतात. कोणी पेडण्याचे, कोणी डिचोलीचे, कोणी इथलेच बार्देशातले. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "कुठला म्युच्युअल फंड जास्त देतो?" त्याचे उत्तर देण्याआधी मी उलटा प्रश्न विचारतो, की हा फंड आजवर जास्तीत जास्त किती पडला आणि तेवढा पुन्हा पडला तर तुम्ही काय कराल? त्या बोलण्यातून निघालेले प्रश्न खाली लिहिले आहेत.

कमाल घसरण म्हणजे नेमके काय?

फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, एखाद्या दिवशी शिखरावर असते. तिथून ती खाली येते, थोडी सावरते, पुन्हा खाली येते आणि कधीतरी जुने शिखर ओलांडते. शिखरापासून त्यामधल्या सर्वात खालच्या तळापर्यंत किती टक्के गेले, ती एक घसरण. फंडाच्या सगळ्या इतिहासात अशा अनेक घसरणी सापडतात. त्यांतली सर्वात खोल म्हणजे कमाल घसरण. इंग्रजी कागदांवर तिला मॅक्झिमम ड्रॉडाऊन म्हणतात.

निफ्टी 50 या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाचे उदाहरण घेऊ. 14 जानेवारी 2020 ला निफ्टी 12362 वर बंद झाला आणि 23 मार्चला 7610 वर. म्हणजे जेमतेम दहा आठवड्यांत 38 टक्के गेले. त्याआधीची मोठी घसरण 2008 ची. 8 जानेवारीला 6288 वर असलेला निफ्टी 27 ऑक्टोबरला 2524 वर आला, म्हणजे 60 टक्के गेले. हे दोन आकडे डोक्यात पक्के ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहेत.

आणि व्होलॅटिलिटी? दोन्ही एकच नव्हे का?

नाही. हा गोंधळ फार महागात पडतो, म्हणून इथे थोडे थांबतो.

व्होलॅटिलिटी, म्हणजे फंडाच्या मासिक माहितीपत्रकात, फॅक्टशीटमध्ये, स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणून छापलेला आकडा, फंडाचा मासिक परतावा आपल्या सरासरीपासून किती इकडेतिकडे जातो ते सांगतो. महिने कोणत्या क्रमाने आले याच्याशी त्याला देणेघेणे नसते. घसरणीचे सगळे गणित मात्र क्रमावरच उभे असते.

कागदावर करून पाहा. एका फंडाचे बारा महिने असे गेले: 5 टक्के वर, 5 टक्के खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली, असे आलटूनपालटून. दुसऱ्या फंडाचे पहिले सहा महिने दर महिन्याला 5 टक्के वर आणि पुढचे सहा महिने दर महिन्याला 5 टक्के खाली. दोघांकडेही सहा वर, सहा खाली. त्यामुळे स्टँडर्ड डेव्हिएशन तंतोतंत सारखे, वर्षाच्या हिशेबाने 18 टक्क्यांच्या आसपास. वर्षअखेरची रक्कमही सारखीच, 100 चे 98.5. पण पहिल्या फंडात शिखरापासूनची सर्वात मोठी घसरण 6 टक्के निघते, तर दुसऱ्यात 100 चे 134 झालेले पैसे उतरून 98.5 वर येतात, म्हणजे 26 टक्क्यांहून अधिक. पहिल्या फंडातल्या माणसाला झोप लागते. दुसऱ्यातला रोज आकडा उतरताना पाहतो आणि पाचव्या महिन्यात विकून मोकळा होतो.

खरा बाजार मंदीत दुसऱ्या फंडासारखा वागतो. वाईट महिने एकामागून एक येतात. म्हणून आपल्याला काय सोसेल हे ठरवताना घसरणीकडे बघावे. स्टँडर्ड डेव्हिएशनचा उपयोग मी मर्यादित करतो: एकाच प्रकारचे दोन फंड, एकाच काळात, शेजारी ठेवून बघायचे असतील तेव्हा.

फॅक्टशीटमधला स्टँडर्ड डेव्हिएशन कमी दिसतो. मग फंड शांत झाला असे समजावे का?

आधी तो आकडा कोणत्या काळाचा आहे ते पाहा. बहुतेक फॅक्टशीटमध्ये तो मागच्या तीन वर्षांच्या मासिक परताव्यांवरून काढलेला असतो, आणि तसे खाली बारीक अक्षरात लिहिलेले असते. तीन वर्षांची ही खिडकी दर महिन्याला एक घर पुढे सरकते. मार्च 2020 चा महिना 2023 च्या वसंतात या खिडकीतून बाहेर पडला, आणि तेव्हा कितीतरी शेअर फंडांचे आकडे एकदम सौम्य दिसू लागले. फंड तोच, बहुतेक कंपन्याही त्याच. फक्त सर्वात वाईट महिना मोजणीतून गेला होता.

फंडाची जोखीम सुईने दाखवणारा रिस्कोमीटरही इथे फारसा कामी येत नाही. जानेवारी 2021 पासून त्यावर सहा पायऱ्या आहेत, पण मोठ्या कंपन्यांचे लार्ज कॅप आणि छोट्या कंपन्यांचे स्मॉल कॅप या दोघांची सुई बहुतेकदा शेवटच्या, अतिउच्च जोखमीच्या घरात असते. त्या दोघांच्या घसरणीत केवढा फरक पडतो ते सुई सांगत नाही.

कमाल घसरण फॅक्टशीटमध्ये बहुधा छापलेली नसते. मग ती काढायची कशी?

स्वतः काढायची. अर्ध्या तासाचे काम आहे आणि बेरीज-भागाकारापलीकडे काही नाही. फंडाची रोजची एनएव्ही फंडांच्या संघटनेच्या, म्हणजे अ‍ॅम्फीच्या किंवा फंड घराण्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. स्प्रेडशीटच्या A रकान्यात तारीख, B मध्ये एनएव्ही, जुनी तारीख वर आणि नवी खाली. मग C मध्ये त्या दिवसापर्यंतचे शिखर आणि D मध्ये त्या शिखरापासूनची घसरण:

```
C2:  =MAX(B$2:B2)
D2:  =B2/C2-1
F1:  =MIN(D:D)
```

C2 आणि D2 शेवटच्या ओळीपर्यंत खाली ओढा. F1 मध्ये जो आकडा येईल, समजा -0.38, तोच तुमचा आकडा: 38 टक्के. D रकान्याचा आलेख काढलात तर आणखी चांगले, कारण खोलीबरोबर पैसे किती दिवस पाण्याखाली राहिले तेही दिसते.

हे करताना लोक तीन ठिकाणी अडखळतात.

पहिली चूक म्हणजे महिनाअखेरची एनएव्ही घेणे. डिसेंबर 2019 च्या शेवटी निफ्टी 12168 होता आणि मार्च 2020 च्या शेवटी 8598. या दोन आकड्यांवरून घसरण 29 टक्के येते. रोजच्या आकड्यांवरून तीच 38 येते. मधले 9 टक्के कुठेच गेलेले नाहीत, महिन्याच्या मधोमध लपले आहेत. आणि माणूस घाबरून विकतो तो महिनाअखेरची वाट बघून नव्हे.

दुसरी चूक लाभांशाच्या पर्यायाची एनएव्ही घेणे. लाभांश वाटला की त्या दिवशी एनएव्ही तेवढी खाली येते, आणि स्प्रेडशीटला ती घसरण वाटते. लाभांश न वाटणारा ग्रोथ पर्यायच घ्यावा.

तिसरी चूक डायरेक्ट प्लॅनचा इतिहास पुरेसा मानण्याची. मध्यस्थाशिवाय थेट घ्यायचे हे डायरेक्ट प्लॅन 1 जानेवारी 2013 पासून सुरू झाले. त्यात 2008 असणारच नाही. जुन्या योजनेचा, मध्यस्थामार्फत विकल्या जाणाऱ्या रेग्युलर प्लॅनच्या ग्रोथचा इतिहास घ्या, मग 2008 दिसेल. मात्र 2018 मध्ये सेबीच्या वर्गवारीच्या नियमांमुळे अनेक योजनांची नावे आणि धाटणी बदलली. नाव आणि प्रकार तेव्हा बदलला असेल तर त्याआधीची एनएव्ही वेगळ्याच फंडाची आहे असे समजावे.

माझा फंड 2015 मध्ये सुरू झाला. त्याने 2008 पाहिलेच नाही. मग काय करू?

त्याची 2020 ची घसरण निफ्टीच्या 2020 च्या घसरणीशी ताडून पाहा. निफ्टी 38 टक्के पडला तेव्हा तुमचा फंड 34 टक्के पडला असेल, तर तो निफ्टीच्या सुमारे नऊ दशांश पडला. मग 2008 सारखी वेळ आल्यास 60 चे नऊ दशांश, म्हणजे 54 टक्के धरावेत. हा अंदाज आहे, भाकीत नव्हे, आणि शेअरमधला हिस्सा खालीवर करणाऱ्या फंडाला तो नीट बसत नाही. तरीही ज्या फंडाने वादळ पाहिलेच नाही, त्याची छोटी घसरण खरी मानण्यापेक्षा हे बरे.

किती घसरण सोसवेल हे मला कसे कळणार? प्रश्नावली भरून मी "जोखीम घेणारा" आलो होतो.

त्या प्रश्नावलीत टक्के असतात. टक्के सगळ्यांना सोसतात. रुपये लिहून पाहा.

मांद्र्याचे एक दांपत्य माझ्याकडे येते. घराच्या मागे पाच खोल्या आहेत, त्या पर्यटकांना देतात. ऑक्टोबर ते मे हा त्यांचा हंगाम. जानेवारी 2020 च्या शिखरावर त्यांचे 10 लाख निफ्टीच्या इंडेक्स फंडात होते. भावाने सांगितले म्हणून घातलेले. मार्च 2020 मध्ये दोन गोष्टी एकाच पंधरवड्यात घडल्या: टाळेबंदीने खोल्या रिकाम्या झाल्या आणि फंडाचे 10 लाखांचे सुमारे 6 लाख 15 हजार झाले. खोल्यांसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता होता, मुलीची फी होती. त्यांनी दीड लाख काढले.

हिशेब पाहा. दीड लाख काढल्यावर 4 लाख 65 हजार उरले. निफ्टीने 9 नोव्हेंबर 2020 ला जुने शिखर ओलांडले. तळापासून शिखरापर्यंत येणे म्हणजे सुमारे 62.5 टक्के वाढ. तेवढ्या वाढीने त्यांचे 7 लाख 56 हजार झाले. काहीच काढले नसते तर 10 लाख झाले असते. म्हणजे हातात आले दीड लाख आणि त्यापोटी गेले जवळजवळ 2 लाख 44 हजार. बाई मला म्हणाल्या, "आम्ही घाबरलो म्हणून नाही हो काढले. घरात पैसे नव्हते म्हणून काढले."

हे वाक्य मी कधी विसरलो नाही. सोसण्याची ताकद मनाची असते तशीच घरातल्या रोख पैशाची असते, आणि दुसरी संपली की पहिलीचा काही उपयोग राहत नाही.

म्हणजे गोव्यातल्या माणसाने वेगळा विचार करावा का?

उत्पन्न कशावर चालते त्यावर ते आहे. सरकारी नोकरी किंवा पेन्शन असेल तर बाजार पडला म्हणून पगार थांबत नाही. पर्यटन, टॅक्सी, शॅक, खाण यांवर घर चालत असेल तर उत्पन्नाची स्वतःची घसरण असते, आणि ती फंडाच्या घसरणीच्या वेळीच येऊ शकते.

डिचोली-सत्तरीत ज्यांचे ट्रक खनिज वाहत होते त्यांना हे सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 16 मार्च 2018 पासून खाणी थांबल्या. योगायोग असा, की स्मॉल कॅप शेअरांची मोठी घसरणही जानेवारी 2018 मध्येच सुरू झाली आणि मार्च 2020 पर्यंत थोडे थोडे करत निर्देशांक निम्म्याहून खाली गेला. ज्याने ट्रकच्या कमाईतून स्मॉल कॅप फंड घेतला होता, त्याचा ट्रक अंगणात उभा राहिला आणि फंडही दोन वर्षे खाली जात राहिला. या दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण घर एकच होते.

म्हणून फंडाची घसरण मोजण्याआधी आपल्या धंद्याचा सर्वात वाईट काळ आठवावा: किती महिने पैसे आले नाहीत, त्या काळात घराला आणि हप्त्यांना किती लागले. तेवढी रक्कम आधी मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात वेगळी काढावी. घसरणीचा हिशेब उरलेल्या पैशांवर करावा.

मग शेवटी किती पैसे कोणत्या फंडात, हे कसे ठरवायचे?

त्याच दांपत्याचा पुढचा हिशेब देतो. दोन वर्षांपूर्वी वडिलोपार्जित जमिनीचा हिस्सा विकून त्यांच्याकडे 20 लाख आले. या वेळी आम्ही उलटीकडून सुरुवात केली.

आधी वर्षभराचा घरखर्च आणि हप्ते मिळून 4 लाख बाजूला काढले. उरले 16 लाख. मग मी विचारले, या 16 लाखांतून किती रुपये कमी झालेले पासबुकात दिसले तरी तुम्ही हात लावणार नाही? नवरा पटकन म्हणाला, "आठ." बायको गप्प बसली. मी दोघांना वेगवेगळ्या कागदावर आकडा लिहायला सांगितला. तिने 4 लिहिले. मी 4 धरला. घरातल्या दोघांपैकी ज्याचा आकडा लहान, तोच घराचा आकडा, कारण मार्चच्या रात्री विकायचे की नाही यावर बोलणे त्यानेच सुरू होते.

आता भागाकार. सोसवेल ती रक्कम भागिले त्या फंडाची सर्वात वाईट घसरण. इंडेक्स फंडासाठी मी 2008 चे 60 टक्के धरतो: 4 लाख भागिले 0.60, म्हणजे 6 लाख 66 हजार. म्हणून साडेसहा लाख इंडेक्स फंडात आणि बाकी साडेनऊ लाख मुदत ठेवीत. 2020 चे 38 टक्के धरले असते तर 10 लाखांपेक्षा जास्त आले असते. मग 2008 सारखे काही झाल्यावर त्याच 10 लाखांतून 6 लाख गेले असते आणि बायकोचा आकडा दोन लाखांनी ओलांडला गेला असता.

नवऱ्याला स्मॉल कॅप हवा होता. त्यालाही मी नाही म्हणालो नाही. 70 टक्के घसरण धरा म्हणालो, आणि भागाकार तुम्हीच करा. 5 लाख 70 हजार आले. रक्कम कमी झाली हे त्याने पाहिले, आणि दोन वर्षे खाली राहण्याची तयारी आहे का हे बायकोने विचारले. इंडेक्स फंडच घेतला.

त्याऐवजी शेअर आणि रोखे एकत्र ठेवणारा एखादा हायब्रिड फंड घेतला तर?

चालेल, पण त्याच्याही एनएव्हीवर तोच रकाना चालवा. नावावर जाऊ नका. अ‍ॅग्रेसिव्ह हायब्रिडमध्ये नियमाने 65 ते 80 टक्के शेअर असतात, कॉन्झर्व्हेटिव्ह हायब्रिडमध्ये 10 ते 25 टक्के. पहिल्याची घसरण शेअर फंडाच्या जवळ जाते. बॅलन्स्ड अ‍ॅडव्हान्टेज या एका नावाखाली तर फारच वेगवेगळी वागणारी कुटुंबे राहतात: कोणी मार्च 2020 च्या आधी शेअर कमी केले होते, कोणी नव्हते. तिथे प्रत्येक फंड वेगळा तपासावा.

हायब्रिडचा एक खरा फायदा आहे. घसरण एकाच आकड्यात दिसते. इंडेक्स फंड आणि ठेव वेगळी ठेवली की माणूस फक्त पडणाऱ्याकडे बघत बसतो.

कर्ज फंडाची घसरण तर जवळजवळ शून्य दिसते. तो सुरक्षितच ना?

इथे हे दोन्ही आकडे फसवू शकतात. कमी प्रतीचे रोखे ठेवणारा फंड वर्षानुवर्षे सरळ रेषेत चढतो, स्टँडर्ड डेव्हिएशन नगण्य असते, घसरण नसतेच. मग एखादी कंपनी पैसे बुडवते आणि एनएव्ही एका दिवसात कोसळते. एप्रिल 2020 मध्ये एका मोठ्या फंड घराण्याने सहा कर्ज योजना एकदम बंद केल्या, तेव्हा लोकांचे पैसे अडकून राहिले. पैसे अडकणे कोणत्याही घसरणीच्या रकान्यात दिसत नाही. कर्ज फंडात रोख्यांची प्रत आणि मुदत पाहावी, इतिहासातला शांतपणा नव्हे.

माझी एसआयपी आहे. मला हे लागू होते का?

पहिल्या एक-दोन वर्षांत फारसे नाही. जमलेली रक्कमच लहान असते, आणि पडत्या बाजारात नवा हप्ता स्वस्तात युनिट घेतो. दहा-बारा वर्षांनी चित्र बदलते. दरमहा 10 हजारांच्या हप्त्याने समजा 22 लाख जमले असतील, तर 38 टक्के घसरणीत 8 लाख 36 हजार कमी दिसतील. त्या महिन्याचे 10 हजार त्यापुढे काहीच नाहीत. जमलेल्या पैशांसाठी वरचाच भागाकार दर एक-दोन वर्षांनी करावा, आणि रक्कम आकड्याबाहेर गेली असेल तर जादा भाग ठेवीकडे वळवावा.

घसरणीची खोली महत्त्वाची की फंड किती काळ खाली राहतो ते?

म्हातारपणी काळ जास्त महत्त्वाचा. 2020 ची घसरण दहा महिन्यांत भरून निघाली. 2008 नंतर निफ्टी नोव्हेंबर 2010 मध्ये जुन्या शिखराला शिवला, पण पुन्हा खाली गेला आणि 2013 च्या अखेरीपर्यंत रेंगाळला. हे आकडे निर्देशांकाचे आहेत, लाभांश धरलेला नाही, तरी साठीतल्या माणसाने पाच वर्षांत लागणाऱ्या पैशांना शेअर फंडात ठेवू नये हे सांगायला ते पुरेसे आहेत.

फंड आत्ता पडलेलाच आहे आणि माझा आकडा ओलांडला गेला आहे. विकू का?

आधी बघा की पुढच्या वर्षभरात त्या पैशांपैकी किती खरोखर लागणार आहेत. लागणारी रक्कम काढा, त्याला इलाज नाही. बाकीची काढायची असेल तर एकदम काढू नका, आणि किती घसरण सोसवेल हे त्या आठवड्यात ठरवू नका. मांद्र्याच्या त्या घरात आता कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर बायकोच्या अक्षरात तीन ओळी आहेत: "साडेसहाचे अडीच होऊ शकतात. वर्षाचा खर्च ठेवीत आहे. चवथीपर्यंत विचारायचे नाही."